रविवारी रात्री एक वाजेपर्यंतची तयारी आणि ‘पकडली जाईन’ ही भीती

प्रश्न: “मी ३२ वर्षांची, मेकॅनिकल डिप्लोमा. चाकणला गिअर बनवणाऱ्या कंपनीत नऊ वर्षं क्वालिटीत आहे. मार्चमध्ये आमचे मॅनेजर अचानक सोडून गेले. दोन आठवड्यांनी ग्राहकाचं ऑडिट होतं. ऑडिटर नेमका माझ्याच मशिनिंग लाइनवर आला आणि ऑडिट छान पार पडलं. मला मॅनेजर केलं, तिघा सीनियर इंजिनियरांच्या वर. आता पाच महिने झाले. सोमवारच्या रिव्ह्यूसाठी रविवारी रात्री एक वाजेपर्यंत बसते. सगळे म्हणतात तू हुशार आहेस, पण मला वाटतं नशिबाने निभावलं, एक दिवस पकडली जाईन. हा इम्पोस्टर सिंड्रोम आहे का? हे जातं का?”

उत्तर:

त्या ऑडिटमध्ये नशिबाचा वाटा होता, हे तुमचं म्हणणं मला खोडून काढायचं नाही. ते खरंच आहे. मॅनेजर त्याच महिन्यात गेले आणि ऑडिटरने तुमचीच लाइन निवडली, या दोन्ही गोष्टी तुमच्या हातात नव्हत्या. लोक ‘तू हुशार आहेस’ म्हणतात आणि ते तुम्हाला पटत नाही, त्याचं कारण हेच आहे. ते तुमच्या गुणाबद्दल बोलतात, तुम्ही त्या घटनेबद्दल बोलता. तुमच्याकडे एक खरा पुरावा आहे आणि त्याला कुणी हातच लावत नाही, म्हणून तो आतल्या आत मोठा होत राहतो. तेव्हा सुरुवात नशिबापासूनच करू.

त्याआधी नावाबद्दल थोडं. १९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी कर्तबगार स्त्रियांशी बोलून हा अनुभव पहिल्यांदा मांडला. त्यांनी त्याला सिंड्रोम म्हटलं नव्हतं, ‘इम्पोस्टर फेनॉमेनन’ म्हटलं होतं. पुढे पुरुषांमध्येही तो भरपूर आढळला. हा आजार नाही आणि मानसिक आजारांच्या अधिकृत याद्यांमध्ये त्याचं नाव नाही. क्लान्स यांची २० विधानांची एक प्रश्नावली आहे. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण द्यायचे आणि बेरीज करायची. ६० च्या वर गेलात तर ही भावना वारंवार सतावते असं धरतात. पण त्या आकड्याला फार धरून बसू नका. २०२० साली ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हा अनुभव असणाऱ्यांचं प्रमाण कुठे ९ टक्के तर कुठे ८२ टक्के निघालं. कोणती पट्टी लावली आणि रेघ कुठे ओढली, यावर ते अवलंबून होतं. तुमच्या वर्णनाला हे नाव लागू पडतं, पण नुसतं नाव मिळाल्याने रविवारची रात्र लवकर संपणार नाही.

आता नशिबाचा हिशोब. कागद घ्या आणि ते ऑडिट चांगलं जाण्यासाठी काय काय जुळून यावं लागलं, ते एकेका ओळीत लिहा. ‘मी मेहनत केली’ असं लिहू नका, त्या दिवशी लाइनवर जे घडलं तेच लिहा. ऑडिटरने मशीनवरून पार्ट उचलला आणि ऑपरेटरला विचारलं, हा कसा तपासता? ऑपरेटरने सांगितलं ते कंट्रोल प्लॅनशी जुळलं. गेजवरच्या स्टिकरची कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेलेली नव्हती. दर तासाला पाच पीस तपासायचे असतील, तर रजिस्टरमध्ये रात्रपाळीच्याही नोंदी होत्या. अशा आठ-दहा ओळी सहज निघतील. मग प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न लिहा: हेच नशीब दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं असतं, तर ही गोष्ट आपोआप झाली असती का?

ऑडिटर तुमच्या लाइनवर आला, ही ओळ पूर्ण नशिबाची. पण ऑपरेटरला तपासणी नीट सांगता आली, हे त्या दिवशीचं नशीब असू शकत नाही. ते कुणीतरी कितीतरी महिने आधी त्याला शिकवलेलं असतं. गेजच्या तारखा आदल्या रात्री जुळत नाहीत. इथे तुमचं उत्तर ‘हो, हे मी केलं’ असेल तर ते लिहा. ‘हे आधीच्या मॅनेजरांनी बसवलेलं होतं, मी फक्त चालू ठेवलं’ असं असेल तर तसं लिहा. चालू ठेवणं हेसुद्धा काम आहे, पण ते जेवढं आहे तेवढंच मांडा. हा कागद खरा असला तरच उपयोगी पडेल. स्वतःची पाठ थोपटण्यासाठी लिहिलेला कागद तुमचं मन दोन दिवसांत फेटाळून लावेल.

याच कागदावर उलटा प्रश्नही लिहा, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑडिटर तुमच्या लाइनऐवजी हीट ट्रीटमेंटला गेला असता तर? उत्तर ‘अडखळले असते’ असं असेल, तर ते तसंच लिहून ठेवा. ‘मी या पदाला लायक नाही’ या वाक्याच्या आत बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र गुंडाळलेल्या असतात: एक खरी कमतरता आणि एक भीती. त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढचं काही होत नाही.

ओळखायचं कसं? कमतरता एका साध्या वाक्यात सांगता येते आणि दुसऱ्याला दाखवता येते. ‘केस डेप्थ कमी आली तर कारण कुठे शोधायचं ते मला येत नाही.’ ‘रिजेक्शनचा खर्च रुपयांत कसा मांडायचा ते येत नाही.’ या कमतरता आहेत, शिकलं की त्या भरून निघतात. ‘मला सगळंच वरवरचं येतं’ हे मात्र कुणालाच दाखवता येत नाही. तुम्ही हीट ट्रीटमेंट शिकलात की हेच वाक्य उचलून बजेटवर जाऊन बसतं, बजेट शिकलात की इंग्रजी बोलण्यावर. भरली की संपते ती कमतरता. जागा बदलत राहते ती भीती. आज तुमच्या यादीत दोन-तीनच कमतरता लिहा, प्रत्येकीसमोर कोणाकडून शिकायचं आणि कधीपर्यंत, ते लिहा आणि यादी तिथेच बंद करा. दहा लिहिल्यात तर त्यातल्या सात-आठ भीतीने लिहिलेल्या असतील.

आता रविवारच्या रात्रीकडे येते, कारण माझ्या मते तुमची खरी गाठ तिथे आहे. या अनुभवाचं एक चक्र असतं. काम समोर आलं की धडधड सुरू होते. मग माणूस गरजेच्या कितीतरी पट तयारी करतो, किंवा शेवटच्या क्षणापर्यंत टाळतो आणि मग घाईघाईत उरकतो. काम नीट पार पडतं. दोन-चार तास हायसं वाटतं. तयारी करणारा म्हणतो, एवढा जागलो म्हणून झालं. टाळणारा म्हणतो, नशिबाने वाचलो. दोघांच्याही खात्यात काहीच जमा होत नाही आणि पुढच्या कामाला दोघेही पुन्हा शून्यातून सुरुवात करतात. म्हणूनच पाच महिन्यांत वीसेक रिव्ह्यू चांगले जाऊनही तुमची भीती तसूभर कमी झालेली नाही.

ट्रकच्या पुढे लिंबू-मिरची बांधतात ना, तसं हे आहे. दर शनिवारी बांधली, अपघात झाला नाही. मग पुढच्या शनिवारी न बांधण्याची हिंमत कोण करणार? जितके दिवस सुखरूप जातात, तितकं ते लिंबू सोडणं अवघड होतं. तुमची पाच तासांची तयारी तशीच आहे. त्यातली किती खरंच कामाला येते, हे तुम्हाला ठाऊकच नाही, कारण तिच्याशिवाय तुम्ही कधी मीटिंगला गेलाच नाहीत.

म्हणून पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. रविवारी काय काय तयार केलं, किती वेळ लागला, सोमवारी प्रत्यक्षात काय विचारलं गेलं आणि तयारीतलं काय वापरलं. ही नोंद सोमवारी दुपारच्या आत करा. संध्याकाळपर्यंत आठवण बदललेली असते आणि एक अवघड प्रश्न बाकी सगळ्यांना झाकून टाकतो. असं समजा, तुम्ही ३० स्लाइड आणि मागच्या तीन महिन्यांचा लाइनवार डेटा घेऊन गेलात. सहा प्रश्न आले. त्यांतल्या चारांची उत्तरं तुम्हाला रोज शॉप फ्लोअरवर असल्यामुळे तोंडपाठ होती, एकाचं उत्तर स्लाइडमध्ये होतं आणि एकाचं कुठेच नव्हतं. असा हिशोब दोनदा समोर आला की तयारीतलं काम कुठलं आणि लिंबू-मिरची कुठली, हे तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल.

तिसऱ्या आठवड्यापासून कपात करायची, पण कुठे करायची हे नीट ठरवा. ग्राहकाकडे जाणारी कागदपत्रं, सुरक्षिततेशी संबंधित पार्टच्या तपासण्या, ऑडिटची उत्तरं यांना हात लावायचा नाही. तिथली जास्तीची काळजी हा तुमच्या कामाचाच भाग आहे. अंतर्गत सोमवारचा रिव्ह्यू मात्र योग्य जागा आहे, कारण तिथे चुकलं तरी दुपारपर्यंत सुधारता येतं. पाच तासांवरून आधी तीन, मग दोन. एकदम अर्धा तास नको, तेवढ्याने फक्त घबराट होईल आणि तुम्ही प्रयोगच सोडून द्याल.

जाण्यापूर्वी काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवा, आणि असं लिहा की नंतर ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ एवढंच म्हणता यावं. ‘वाईट जाईल’ हे चालणार नाही, कारण कशीही मीटिंग झाली तरी भीती म्हणणारच की वाईट गेली. ‘किमान तीन प्रश्नांना उत्तर येणार नाही आणि प्लांट हेड सगळ्यांसमोर म्हणतील की तयारी करून येत जा’ हे चालेल. त्यावर तुमचा किती टक्के विश्वास आहे तेही लिहा. मीटिंगनंतर खाली लिहा, किती प्रश्न अडले आणि प्लांट हेड नेमकं काय म्हणाले. हे चार-पाच सोमवार सलग करा. एकदा करून काही सिद्ध होत नाही. एक मीटिंग चांगली गेली तर मन म्हणतंच, आज साहेब चांगल्या मूडमध्ये होते.

यात लोक ठरलेल्या एका जागी घसरतात. कपात करतात आणि चोरून भरून काढतात. रविवारी दोन तासांत उठतात, पण सोमवारी पहाटे चारला जागे होतात, कंपनीच्या बसमध्ये आकडे पाठ करतात किंवा मीटिंगच्या आधी ज्युनिअरला तीनदा फोन करतात. मग ते दोन तास कागदावरच राहतात आणि भीती पुन्हा श्रेय घेऊन जाते. तुमच्या नोंदीत असा सगळा वेळ धरा, बसमधलासुद्धा.

आणि कधीतरी प्रश्न अडेलच. खरं तर तो अडायलाच हवा, कारण तुमची खरी परीक्षा त्याच क्षणी आहे. तेव्हा आकडा ठोकून देऊ नका आणि माफीही मागत बसू नका. ‘हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही, तीन वाजेपर्यंत मेल करते’ एवढं म्हणा आणि पावणेतीनला मेल करा. तुम्हाला आतापर्यंत वाटत आलंय की उत्तर आलं नाही तर सगळं उघडं पडेल. उत्तर आलं नाही आणि तरी दुपारी काम नेहमीसारखं चालू राहिलं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं हा एक अनुभव आहे. तो पाच तासांच्या तयारीतून कधीच मिळत नाही.

तिघा सीनियरांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तुम्ही स्वतःला अजून जुन्याच पट्टीने मोजताय. इंजिनियर म्हणून तुम्ही चांगल्या होतात कारण तुमच्या लाइनचं उत्तर तुमच्याकडे असायचं. आता तुमच्या हाताखाली मशिनिंगबरोबर हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग आणि शेवटची तपासणीही आहे. सगळ्यांची उत्तरं एकाच डोक्यात असणं शक्य नाही, आधीच्या मॅनेजरांच्या डोक्यातही नसतील. उत्तर कोणाकडे आहे हे ओळखणं, ते वेळेत काढून घेणं आणि निर्णय घेऊन त्याची जबाबदारी स्वतःवर घेणं, ही आता तुमच्या कामाची पट्टी आहे.

पण ‘पकडली जाईन’ असं वाटणारा माणूस नेमका विचारायलाच घाबरतो. त्याला वाटतं, विचारलं म्हणजे कबुली दिली. म्हणून तो गुपचूप रात्री नेटवर वाचत बसतो, आणि ज्यांना येतं ते सीनियर बाजूला बसून त्याची मजा बघतात. प्रश्न कसा विचारता यावर बरंच अवलंबून आहे. ‘सर, मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच बघा’ असं म्हणालात तर निर्णयही हातातून गेला. त्याऐवजी असं म्हणून पाहा: ‘सर, या बॅचची केस डेप्थ कमी आली आहे. मी बॅच थांबवली आहे. तुम्ही आधी काय बघाल, फर्नेसचं तापमान, वेळ, की कार्बन पोटेन्शियल?’ यात समोरच्याच्या अनुभवाला मान आहे, तुम्ही थोडं वाचून आला आहात हे दिसतं, आणि बॅच थांबवण्याचा निर्णय तुम्ही आधीच घेतलेला आहे. ते जे सांगतील ते फर्नेसजवळ उभं राहून बघा. अशा तीन-चार बॅच झाल्या की तुमच्या यादीतली पहिली कमतरता बरीच भरलेली असेल.

वरिष्ठांशीही एकदा बोला, पण ‘सर, मी बरोबर करतेय ना?’ असं विचारू नका. ते ‘अगदी मस्त’ म्हणतील आणि संध्याकाळपर्यंत ते विरून जाईल, मग परवा पुन्हा विचारावंसं वाटेल. दोन प्रश्न विचारा. माझी निवड करताना कोणत्या दोन-तीन गोष्टी पाहिल्या? आणि पुढच्या सहा महिन्यांत काय झालं तर तुम्ही म्हणाल की हे पद नीट चाललंय? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ऑडिटच्या एका दिवसाच्या पलीकडचं निघतं. तसं नाही निघालं, ‘ऑडिट चांगलं झालं म्हणूनच’ असं ते म्हणाले, तरी हरकत नाही. तुमच्याकडे तुमचा कागद आहेच. दुसऱ्या उत्तराने तुम्हाला पट्टी मिळते. ग्राहकाच्या तक्रारी किती, रिजेक्शन किती, दोन माणसं तयार झाली का. भीती मोजता येत नाही, हे मोजता येतं.

कौतुकाबद्दलही एक सांगते. आपल्याकडे कुणी अभिनंदन केलं की ‘सगळी देवाची कृपा’, ‘तुमचे आशीर्वाद’ म्हणायची रीत आहे. ती चांगली रीत आहे, सोडायची गरज नाही. फक्त ते शिष्टाचार म्हणून बोलताय की आत तेच खरं मानताय, हे स्वतःशी तपासा. काम माहीत असलेल्या माणसाने कौतुक केलं, तर त्याला एक नेमकी गोष्ट सांगून बघा: ‘रात्रपाळीच्या नोंदी नीट ठेवल्या होत्या, त्याचा फायदा झाला.’ पहिल्यांदा जीभ अडखळेल. पण हे वाक्य तपासून घेतलेलं खरं आहे, त्यात बढाई नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हालाच बघाव्या लागतील. मीटिंगमध्ये तुमचं बोलणं मध्येच तोडलं जातं का, ‘डिप्लोमावाली मॅनेजर’ असे टोमणे येतात का, तिघांपैकी कुणी तुम्हाला वगळून परस्पर ग्राहकाला मेल करतो का? असं होत असेल तर तुमची अस्वस्थता तुमच्या मनाने रचलेली नाही, ती वागणुकीची अचूक नोंद आहे. तिथे प्रयोगवही पुरणार नाही. तारीख, प्रसंग आणि कोणत्या मेलमधून वगळलं ते लिहून वरिष्ठांसमोर ठेवावं लागेल. तपासायला एक सोपा प्रश्न आहे: हीच चूक दुसऱ्या मॅनेजरकडून झाली असती तर हेच बोलले असते का?

दुसरं म्हणजे झोप. सोमवारच्या आदल्या रात्री झोप न लागणं वेगळं. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज झोप मोडत असेल, भूक गेली असेल, आवडीच्या गोष्टीत मन लागत नसेल, कारण नसताना रडू येत असेल, तर हा विषय इम्पोस्टरच्या पुढे गेला आहे आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं. जगणं नकोसं वाटत असेल तर थांबू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

जातं का, असं विचारलंत. वागणं आधी बदलतं, भावना मागून येते. दीड-दोन महिने नियमाने केलंत तर रविवारची रात्र साडेदहा-अकराला संपू लागणं ही रास्त अपेक्षा आहे. पोटातला गोळा त्याहून हळू विरघळतो, आणि नवं पद किंवा नवा ग्राहक आला की काही दिवस परत येतो. परत आला म्हणजे केलेलं वाया गेलं असं समजू नका. तेव्हा तोच कागद, त्याच ओळी, नव्या घटनेसाठी पुन्हा लिहायच्या.

पुढचं ग्राहक ऑडिट कधी आहे ते बघा आणि त्याच्या आधीच्या महिन्यात अर्धा दिवस काढून तुमच्याच माणसांबरोबर एक लुटुपुटीचं ऑडिट करा. सुरुवात हीट ट्रीटमेंटपासून करा. ऑडिटर व्हायला त्या सीनियर सरांनाच सांगा. उत्तर द्यायला तुम्ही उभ्या राहा, आणि जिथे अडाल तिथे तेवढी एक ओळ लिहून घ्या.